विषय : कुर्त्याचे फिटिंग बदलताना बगल बिघडवणे व माया कापणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

हातमागाच्या इरकल कापडाचा सैल कुर्ता आपल्याकडे फिटिंगला दिला होता. छाती ४४ इंचांवरून ४० आणि खांदा १५½ वरून १४½ करायचा, असे पावतीवर स्पष्ट लिहिले आहे. छाती बरोबर ४० आली. खांद्याला मात्र हातच लागलेला नाही.

चार इंच कमी करायचे म्हणजे दोन्ही बाजूंना, पुढून आणि मागून, एकेक इंच आत यावे लागते. अशा वेळी बाही आधी उसवायची असते. खांदा दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच आत घ्यायचा, मुंढ्याचा गोल नव्याने आखायचा, बाजू शिवायच्या आणि मगच बाही पुन्हा बसवायची. खांदा आत गेल्याने बाही अर्धा इंच वर चढते. तेवढी तिच्या दुमडीतून सोडता येते.

आपल्या कारागिराने बाही न उसवता बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकच टीप मारली आहे. त्यामुळे बाहीही दोन इंचांनी आवळली. १४ इंचांचा दंडघेर १२ झाला आणि माझा दंडच १२ इंच आहे. हात वर केला की बगलेत चुण्या पडतात आणि अख्खा कुर्ता वर ओढला जातो. खांद्याची शिवण आजही दंडावर उतरलेली आहे.

एवढे उसवून दुरुस्त करता आले असते. पण बाजूची आणि बाहीची मूळची इंचभर माया, तीही न विचारता, कापून टाकली आहे. आता ओव्हरलॉकच्या आत जेमतेम पाव इंच उरले आहे. जुन्या टिपेवर परत जायला कापडच नाही. फिटिंग करताना माया आत दाबून ठेवतात ती याचसाठी. हातमागाच्या कापडाला त्याच रंगाचा तुकडा नंतर जुळवणे फार कठीण, हे आपल्यासारख्या व्यावसायिकांना सांगावे लागू नये.

कापलेल्या पट्ट्या फेकल्या नसतील तर अजून मार्ग आहे. त्या साधारण पावणेदोन इंच रुंद असतील. दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत गेले तरी सव्वा इंच उरतो. ही पट्टी बगलेत पूर्ण रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती ठेवून बाहीच्या व बाजूच्या शिवणीत जोडली, तर दंडघेर सव्वातेरा होईल. पट्टीवर जुन्या टिपेची भोके दिसतील, पण ती बगलेत झाकली जातात.

म्हणून माझी मागणी अशी : पट्ट्या शोधून ठेवाव्यात, कुर्त्याला यापुढे कात्री लावू नये आणि वरील दुरुस्ती, खांद्यासह, विनामूल्य करून द्यावी. बाही पक्की करण्यापूर्वी कच्च्या शिलाईवर मला घालून पाहू द्यावी. पट्ट्या नसतील तर शिलाईचे पैसे आणि कापडाची किंमत परत करावी. कापडाची पावती सोबत जोडली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

आपली ग्राहक