पार्लर उघडण्याआधी

कराड

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाळ्याचे फोटो पाहिले. आरसे छान, खुर्च्याही छान. त्या निळ्या दिव्याच्या पेटीचं मात्र मला बोलायचंय. दुकानदारानं तुला ती 'स्टरिलायझर' म्हणून विकली, पण तो प्रकाश जिथं पडतो तिथंच काय काम करेल तेवढं. कात्रीच्या दोन पात्यांच्या मधे आणि कंगव्याच्या दातांच्या मुळाशी तो पोचत नाही. ती पेटी साफ झालेली हत्यारं ठेवायला वापर, साफ करायला नको.

साफ करायचं म्हणजे आधी साबण आणि ब्रश. केस, तेल, कातडीचा कण वर राहिला तर जंतू मारायचं औषध त्याच्याखाली पोचतच नाही. धुऊन, पुसून मग औषधात बुडवायचं आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण भरू द्यायची. इथंच सगळे चुकतात. गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, पोरगा कात्री बुडवतो आणि लगेच काढतो. पोराला रागावून उपयोग नाही, हत्यारं कमी असली की तो तसंच करणार. म्हणून प्रत्येक खुर्चीला तीन संच घे: एक हातात, एक औषधात, एक सुकलेला. ब्लीच लाद्यांना नि बेसिनला ठीक, पण त्यानं कात्री गंजते. मशीनचं पातं आधी झाडून केस काढ आणि मग 70 टक्के अल्कोहोलनं ओलं करून आपोआप सुकू दे, लगेच पुसू नको.

ब्लेड प्रत्येक माणसाला नवं, आणि तेही त्याच्यासमोर पुडी फोडून. कावीळ बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतो, आणि तेवढं रक्त डोळ्याला दिसतही नाही. वापरलेलं ब्लेड झाकणाला चीर पाडलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायचं. आमच्या दुकानात आधी ते केसांबरोबर कचऱ्यात जायचं. एकदा कचरा वेचणाऱ्या मावशींचा तळवा चिरला. त्यांनी पदर गुंडाळलेला हात माझ्यापुढं धरला, तो मी अजून विसरलो नाही. डबा त्या दिवसापासून आहे.

पेडिक्युरला पाणी खेळवणारा टब घेतेयस असं आई म्हणाली. माझं ऐक, साधं घमेलं घे. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये शंभराहून जास्त बायकांच्या पायांना गळवं आली होती. टबात पाणी ओढणाऱ्या जाळीमागं केस आणि कातडीचा गाळ साचला होता, त्यात जंतू वाढले होते. ज्यांनी घरून पायाचे केस वस्तऱ्यानं काढून आणले होते, त्यांना धोका जास्त होता. घमेल्याला जाळीच नाही, दोन मिनिटांत घासून होतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चार माणसांच्या दुकानाला गुमास्त्याची नोंदणी लागत नाही, धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. पाटीवर मराठी अक्षरं इतर अक्षरांपेक्षा लहान नसावीत. पालिकेचा कोणता परवाना लागतो ते वॉर्ड ऑफिसात स्वतः जाऊन विचार, एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नको.

आता विमा. शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट होऊन आपलं दुकान जळलं तेव्हा तू पाचवीत होतीस. विमा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. सर्व्हेअरनं हिशेब मांडला: दुकानातलं सामान आठ लाखांचं, विमा काढलेला चार लाखांचा. म्हणजे निम्माच. म्हणून भरपाईही निम्मीच: नुकसान दोन लाखांचं झालं होतं, मिळाला एक लाख. हप्ता वाचवायला मी किंमत कमी सांगितली होती, त्याचा हा परिणाम. तू खुर्च्या, आरसे, एसी, फर्निचर सगळ्यांची आजची किंमत लिही, बिलं जपून ठेव आणि दर वर्षी आकडा तपास.

दुसरं असं की दुकानाच्या विम्यात आग, चोरी, फार तर ओल्या लादीवर कुणी घसरलं तर त्याचं नुकसान येतं. डाय लावल्यावर कपाळ सुजलं, वॅक्सनं भाजलं, हे बहुतेक वेळा त्यात नसतं. ते वेगळं मागावं लागतं, आणि कोणकोणती कामं धरलीत ते पॉलिसीत लिहून घे. डायच्या 48 तास आधी कानामागं थेंब लावून बघायचा, आणि तारीख व गिऱ्हाइकाची सही वहीत ठेवायची. उद्या कुणी ग्राहक मंचात गेलं तर ती वहीच तुझी साक्षीदार. कामाच्या मुलींना इजा झाली तर त्याचा विमाही निराळा, तो विसरू नको.

गाळ्याच्या करारावर अजून सही करू नको. आधी मला पाठव. गाळा कोणत्या वापरासाठी दिलाय ती ओळ मला वाचायचीय.

तुझे बाबा