काट्याच्या दोन चिठ्ठ्या

उसगाव,
18 जुलै

प्रिय दत्ता,

परवा फोनवर अर्धं बोलणं झालं आणि तुमच्या दोडामार्गच्या नेटवर्कने नेहमीसारखा दगा दिला. तुझ्या काजू बियांच्या पार्टीनेही ‘वजन कमी लागलं’ म्हणून पैसे अडकवलेत एवढंच कळलं. म्हटलं, माझं प्रकरण तुला नीट लिहूनच कळवतो.

गेल्या महिन्यात मी बेळगावच्या एका फाउंड्रीला बोरिंगची एक गाडी धाडली. बोरिंग म्हणजे लेथवरून पडतो तो लोखंडाचा चुरा. दहा चाकी गाडी, अनमोड घाटातून. तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्टोअरचा मेसेज आला: ‘380 किलो शॉर्ट, बिलातून कापत आहोत.’ आपल्या 30 रुपये दराने 11,400 रुपये. माझं डोकं असं सणकलं की ‘आमच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे, तुमचा तपासून घ्या’ असं टाइप करूनही झालं होतं. ते पाठवलं नाही ते बायकोमुळे. ती हिशेब बघते ना, ती म्हणाली, आधी त्यांची चिठ्ठी तर मागवा.

चिठ्ठी आली. आपण सगळे काय करतो, तर चिठ्ठीच्या तळाचं निव्वळ वजन बघतो आणि भांडायला लागतो. आमचं 16,960, त्यांचं 16,580. या दोन आकड्यांवर वर्षभर भांडलास तरी निकाल लागणार नाही. निव्वळ वजन काटा मोजतच नाही रे. तो भरलेली गाडी मोजतो, रिकामी मोजतो, आणि मशीन वजाबाकी करतं. म्हणून मी भरलेल्याशेजारी भरलेलं आणि रिकाम्याशेजारी रिकामं लिहिलं. भरलेली गाडी आमच्याकडे 27,420, त्यांच्याकडे 27,380. रिकामी आमच्याकडे 10,460, त्यांच्याकडे 10,800.

भरलेल्या गाडीत फरक फक्त 40 किलोचा. शंभराच्या वर किलोमीटर, त्यात घाट. भरलेली गाडी पस्तीसेक लिटर डिझेल सहज पिते, म्हणजे तीसेक किलो तिथेच गेले. उरले दहा. त्यांचा काटा आमच्यासारखाच दहा-दहा किलोच्या पायरीने वाचतो, तेव्हा तो एका पायरीचा फरक. माल त्यांच्या फाटकापर्यंत पुरा पोचला होता, मधल्या धाब्यावर कोणी हात मारला नव्हता.

डिझेलचं मात्र नीट समजून घे, कारण पूर्वी मीही तोच घोळ घालायचो. निव्वळ वजन कमी लागलं की ‘डिझेल जळलं’ हे उत्तर चालत नाही. जाताना जळलेलं डिझेल तिथल्या भरलेल्या वजनातही नसतं आणि रिकाम्यातही नसतं, वजाबाकीत ते आपोआप उडतं. म्हणजे त्यांच्याकडे रिकामी गाडी आमच्यापेक्षा तीस किलो हलकी लागायला हवी होती. ती लागली 340 किलो जड! तिथे माझा राग उतरला आणि कुतूहल चढलं.

पहिली शंका अशी की त्यांनी रिकामी गाडी मोजलीच नसेल. काही काट्यांवर जुनं रिकामं वजन मशीनमध्ये साठवलेलं असतं, तेच ओढून चिठ्ठी छापतात. पण चिठ्ठीवर दोन वेळा होत्या: भरलेली सकाळी 9:12, रिकामी दुपारी 4:40. म्हणजे मोजली होती. मग ड्रायव्हरला विचारलं, वाटेत डिझेल भरलंस का? नाही. रिकामं वजन करताना कुठे होतास? थोडा घुटमळला. ‘पाऊस मरणाचा होता शेट, केबिनमध्येच बसलो.’ भरलेली गाडी मोजताना मात्र वॉचमनने त्याला खाली उतरवलं होतं. झाले साठ किलो.

उरलेल्या वजनाचा पत्ता आमच्याच आवारात उभा होता. परतीचा माल मिळाला नव्हता म्हणून गाडी तशीच रिकामी येऊन आंब्याखाली लागली होती, ताडपत्री अर्धवट ओढलेली. मी चाकावर पाय देऊन हौद्यात डोकावलो. चुंबकाच्या क्रेनने वरचा माल उचलला होता, पण तळाशी आणि चारी कोपऱ्यांत ओला चुरा गंजून पाटासारखा बसला होता. बोटाने उकरला तर पापुद्रा निघाला. पोरं लगेच फावडी घेऊन धावली, त्यांना थांबवलं. आधी गाडी तशीच काट्यावर घेतली: 10,720. मग खरवडून, झाडून पुन्हा घेतली: 10,410. मधले 310 किलो बोरिंग काट्याशेजारी ढीग घालून ठेवलं. फोटोत पावसाने भिजलेली माझी छत्रीही आली आहे, असो.

आता जुळव. 310 चुऱ्याचे, 60 ड्रायव्हरचे, 10 काट्याचे. झाले 380. आणि दत्ता, यात एक गोष्ट मला पचायला जड गेली. पार्टी खोटं बोलत नव्हती. त्यांना माल खरंच कमी मिळाला होता. फक्त तो मी कमी भरला नव्हता, त्यांच्या माणसांनी नीट उतरवला नव्हता.

मग हे लिहिलं:

‘साहेब, नमस्कार. तुमच्याकडे निव्वळ वजन 380 किलोने कमी आलं हे बरोबर आहे. भरलेल्या गाडीत दोन्ही काट्यांचा फरक 40 किलोच आहे, तेव्हा माल तुमच्याकडे पूर्ण पोचला. फरक रिकाम्या गाडीत आहे. परत आल्यावर गाडी झाडण्याआधी आणि नंतर मोजली, हौद्यात 310 किलो बोरिंग निघालं. ते तुमचंच आहे. पुढच्या गाडीत वेगळ्या गोण्यांत पाठवतो, नाहीतर तेवढ्याची क्रेडिट नोट देतो. उरलेले 70 किलो आपल्या ऑर्डरमध्ये मान्य असलेल्या अर्ध्या टक्क्याच्या फरकाच्या, म्हणजे 85 किलोंच्या आत आहेत. तिन्ही चिठ्ठ्या आणि फोटो सोबत जोडले आहेत. यापुढे रिकामी गाडी झाडून आणि ड्रायव्हरला उतरवून मोजावी ही विनंती.’

ड्रायव्हरचे साठ किलो मी वेगळे काढून दाखवले नाहीत. ते फक्त तोंडी होतं, कागदावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. क्रेडिट नोट मागितली, बाकीचे पैसे सोडले. 9,300 ची नोट दिली, चुरा आमच्याच ढिगात परत गेला.

नशीबही होतं, ते लपवत नाही. गाडीला परतीचा माल मिळाला असता तर तिसरी चिठ्ठी निघालीच नसती. आणि ऑर्डरवर ‘खरेदीदाराच्या काट्याचं वजन अंतिम’ असं छापलेलं असतं, तर माझ्या चिठ्ठ्यांना फारशी किंमत उरली नसती. तुझी ऑर्डर त्यासाठी आधी वाच.

तुझं प्रकरण वेगळं निघू शकतं. तुझ्याकडे फरक भरलेल्या गाडीत असेल, तर हौदा तपासून उपयोग नाही. मग बी ओली भरली होती का, गाडी वाटेत किती दिवस थांबली, पोती मोजून घेतली का, हे बघावं लागेल. ओली बी उन्हात दोन दिवस उभी राहिली तर ती वाळणारच, आणि ते वजन चोरीला गेलेलं नसतं. पोती पूर्ण असतील आणि तरी मेळ बसत नसेल, तर पुढची भरलेली गाडी वाटेतल्या तिसऱ्याच काट्यावर घाल. शे-दोनशे रुपयांत कोणता काटा खोटं बोलतो ते कळेल.

दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठव, पूर्ण चिठ्ठी दिसेल असे. मागच्या खेपेला चिठ्ठीवर छापलेल्या वेळेवरच तुझा अंगठा आला होता. वहिनींना नमस्कार. चवथीला येशील तेव्हा तुझ्या बागेतल्या सुपाऱ्या आण, माटोळीला लागतील.

तुझा,
रमाकांत