रोहनच्या आउसबिल्डुंगबद्दल

स्टुटगार्ट

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. रोहनला इंजिनिअरिंग नको आहे आणि वायरिंगच्या कामात त्याचा जीव रमतो, तर जर्मनीचा विचार जरूर करा. पण तिथली जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या एजंटला इतक्यात एक रुपयाही देऊ नकोस.

आउसबिल्डुंग म्हणजे काम करता करता घ्यायचं इथलं व्यवसाय शिक्षण. तो कॉलेजचा प्रवेश नसतो, कंपनीशी केलेला करार असतो. इलेक्ट्रिशियनचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले तीन-चार दिवस साइटवर काम आणि उरलेले दिवस सरकारी व्यवसाय शाळेत, किंवा मग काही आठवडे सलग शाळा. शिकताना पगार मिळतो. २०२६मध्ये सुरू होणाऱ्या करारांसाठी पहिल्या वर्षाचा किमान पगार महिना ७२४ युरो आहे आणि तो दरवर्षी वाढतो. विमा आणि पेन्शनची कपात झाल्यावर मात्र एवढ्यात इथलं खोलीभाडं आणि जेवण भागत नाही. म्हणून खर्चाला कमी पडणारी रक्कम व्हिसाच्या वेळी बँकेच्या अशा खात्यात दाखवावी लागते, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. हा हिशेब एजंट सांगत नाहीत.

करार हातात आला की आधी तीन गोष्टी बघ: कंपनीचं नाव, दर वर्षाचा पगार आणि प्रोबेशनचा काळ. प्रोबेशन जास्तीत जास्त चार महिन्यांचं असतं आणि त्यात दोघांपैकी कुणीही तडकाफडकी करार मोडू शकतो. हा करार कारागिरांच्या स्थानिक चेंबरकडे नोंदवावा लागतो, त्यामुळे तिथे ईमेल करून खरंखोटं करता येतं. कंपनीऐवजी खासगी शाळेचं नाव असेल आणि ती फी मागत असेल, तर तो वेगळाच मार्ग आहे. तिथे बहुधा पगार नसतो.

खरी अडचण भाषेची. व्हिसाला साधारण जर्मनची बी१ ही मधली पातळी लागते, पण मला विचारशील तर रोहनने तिच्या वरची बी२ करूनच यावं. शाळेत ओहमचा नियम जर्मनमध्ये शिकवतात आणि लेखी परीक्षाही जर्मनमध्येच असते. शिवाय प्रत्येक शिकाऊला कामाची वही ठेवावी लागते. माझ्या हाताखालचा मुलगा शुक्रवारी लिहितो: "वितरण पेटीत गळती-संरक्षक स्विच बसवला, चाचणी बटण दाबून तपासला." मी वाचून सही करतो. ही वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. हुशार मुलंही इथेच अडखळतात, कारण हात चालतो पण वाक्य जुळत नाही.

शिक्षण बहुधा ऑगस्ट किंवा सप्टेंबरला सुरू होतं, पण कंपन्या साधारण वर्षभर आधीपासून मुलं निवडतात. व्हिसाला लागणारा वेळ निराळा. जागा शोधायला जर्मन रोजगार कार्यालयाचं संकेतस्थळ आहे, तिथे अर्जाला पैसे पडत नाहीत. पास झाल्यावर याच कामात नोकरी मिळाली, तर पुढे दोन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

रोहनला म्हणावं, आधी बी१ची परीक्षा दे आणि एक पानी बायोडाटा जर्मनमध्ये लिहून मला पाठव. चुका मी काढून देईन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश