तारीख पुन्हा दिली, मग नुकसान कोणते?

सभागृहांच्या बुकिंगमधील मनमानीवरील आपले वृत्त वाचले. आमच्या कुटुंबाचाही हाच अनुभव आहे. समारंभाच्या चार महिने आधी आम्ही तारीख पुढे ढकलण्याची लेखी विनंती केली. कार्यक्रम रद्द केला नव्हता. तरीही सभागृहाने अनामत जप्त करून नव्या तारखेसाठी पूर्ण भाडे मागितले. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'बुकिंग रद्द केल्यास अनामत परत मिळणार नाही' एवढेच छापले आहे. तारीख बदलाचा उल्लेखही नाही. पुढे मूळ तारखेला तिथे दुसऱ्यांचा समारंभ झाला. मग आमच्यामुळे सभागृहाचे नेमके काय बुडाले?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये झालेल्या नुकसानीच्या तुलनेत अवाजवी दंड लादणारी अट 'अनुचित करारा'च्या व्याख्येत येते आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तिथवर जाण्याची आमची इच्छा नाही. व्यवस्थापनाने फेरनोंदणीचा वाजवी खर्च कापावा, उरलेली रक्कम नव्या भाड्यात वळती करावी आणि त्याचा लेखी हिशेब द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

– एक ग्राहक कुटुंब