रिटेनर बसत नाही म्हणालीस, म्हणून

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, रिटेनर गरम पाण्यात बुडवून मऊ करून बसवू का?" लॅबमध्ये दोन मोल्ड ओतायचे राहिले होते, म्हणून नुसतं "अजिबात नको" म्हणून फोन ठेवला. आता नीट लिहितो.

तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा तुझा वरचा प्लास्टिकचा रिटेनर मीच आपल्या मशीनवर ओढलाय. एक मिलिमीटरची शीट तापवायची, लोंबायला लागली की दगडी मॉडेलवर दाबून बसवायची आणि गार झाली की कापायची. ही शीट 80 अंशांच्या आसपास मऊ होते. हॉस्टेलच्या किटलीतल्या पाण्यात टाकलीस तर ती मऊ होईल, पण तोंडात घालेपर्यंत तिला हवा तसा आकार घेऊन बसेल. मग ती ना जुन्या दातांची राहील, ना नव्या. वर ती तोंडात गेल्यावर भाजेल ते वेगळंच.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. डाव्या बाजूला, सुळ्याच्या शेजारचा जो पटाशीचा दात आहे ना, त्याच्या कडेवर प्लास्टिक टेकलेलंच नाही. मध्ये फट दिसते. बाकीच्या दातांवर मात्र ते जवळजवळ तळापर्यंत गेलंय. म्हणजे सगळे दात सरकलेले नाहीत, मुख्य गडबड त्या एका दाताची आहे. तारा लावण्याआधी हाच दात आडवा फिरलेला होता, आठवतं? तुझं तेव्हाचं मॉडेल अजून कपाटात आहे. काढून फोटोशेजारी ठेवलं, तर तो त्याच बाजूला वळायला लागलाय.

तोच का, ते सांगतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तो बारीक तंतूंनी लटकवलेला असतो. तारेने दात सरकवताना एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं. तारा काढल्या की मुळाभोवतीचे तंतू साधारण तीन-चार महिन्यांत नव्या जागेला जुळवून घेतात. पण दाताच्या मानेपाशी, हिरडीच्या आत, आणखी तंतू असतात. ते एका दातातून शेजारच्या दातात आणि हिरडीत जातात. त्यातले लवचिक तंतू जुळवून घ्यायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लावतात. दात नुसता मागे-पुढे ढकलला असेल तर ते ताणले जातात, पण गोल फिरवला असेल तर त्यांना चक्क पीळ बसतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसंच त्यांचं. तारांनी दात सरळ दिसला तरी पीळ आत बसलेलाच असतो आणि संधी मिळताच दाताला मागे फिरवतो. म्हणून आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, फिरवून सरळ केलेला दात सगळ्यांत आधी दगा देतो. काही वेळा डॉक्टर अशा दाताभोवतीचे हे तंतू भूल देऊन बारीक छेद घेऊन तोडतातही. तुझ्या वेळी तशी गरज वाटली नव्हती.

तुझ्या तारा मे महिन्यात काढल्या आणि ऑगस्टमध्ये तू कराडला गेलीस. म्हणजे मुळाभोवतीचे तंतू जेमतेम जुळत आले होते, मानेपाशचे तर बाकीच होते, आणि नेमकी तेव्हाच रिटेनरची डबी बॅगेत गेली. मेसमध्ये सगळ्यांसमोर काढायला लाज वाटते हे मला समजतं. तीन-चार रात्री घातला नाही आणि मग घालताना आवळला, तेव्हाच दात हलायला लागले होते. आवळणं हीच पहिली खूण. फट दिसणं ही त्यानंतरची.

आता एक चाचणी सांगतो. आरशासमोर रिटेनर बोटांनी हळू दाबून बघ. दोन्ही बाजूंनी तळापर्यंत जाऊन तिथेच थांबला आणि नुसतं आवळल्यासारखं वाटलं, तर जेवण आणि ब्रश सोडून सगळा वेळ घालून ठेव. आवळणं चार-पाच दिवसांत कमी व्हायला हवं. पण एका जागी अडून उलट वर उसळत असेल, तर जोर लावू नकोस आणि दाताने चावून तर अजिबात बसवू नकोस. प्लास्टिकला तडा जाईल, आणि ज्या दातांना धक्का नको त्यांना तो बसेल. फोटोवरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

मग काय करायचं? तू म्हणालीस की लॅबमध्ये मॉडेल आहे, त्यावरून नवीन रिटेनर ओढा. तो तुला बसणार नाही, कारण तो सरळ दातांचा साचा आहे. आधी आजच्या दातांचा ठसा हवा. त्याचं मॉडेल झालं की तो एक दात बारीक करवतीने कापून सुटा करायचा, मेणात थोडासा सरळ करून बसवायचा आणि त्यावर शीट ओढायची. असा ट्रे दाताला एका वेळी फार तर दोन अंश फिरवतो. समजा दात आठ अंश वळला असेल, तर चार ट्रे लागतील, प्रत्येक आठवडा-दोन आठवडे. हा दात लहान, गुळगुळीत, प्लास्टिकला पकड मिळत नाही, म्हणून डॉक्टर मॅडम त्यावर एक छोटा ठिपका चिकटवतील. शेजारच्या दातांनी जागा दाबली असेल तर हिशेब बदलेल. तो मॅडमचा निर्णय, माझा नाही. फार उशीर झाला तर पुन्हा तारा, हे लक्षात ठेव.

खालच्या दातांचंही बघून घे. तिथे मागून तार चिकटवलेली आहे, म्हणून तू निर्धास्त असशील. पण एका दातावरचा गोंद सुटला तरी तार जागेवरच दिसते, दुखत नाही, आणि तेवढा एक दात गुपचूप सरकतो. जिभेने प्रत्येक ठिपका चाचपून बघ. कुठे तारेची कड टोचत असेल किंवा ठिपका हालत असेल तर मला सांग.

तुझी आत्या सगळा दोष अक्कलदाढेला देईल. तिचं ऐकून दाढ काढायला जाऊ नकोस. पुढच्या दातांची गर्दी अक्कलदाढ ढकलल्यामुळे होते याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. खालचे पुढचे दात वयानुसार गर्दी करतातच, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात तारा लावलेल्या लोकांच्या दातांची मॉडेल्स रिटेनर बंद केल्यानंतर दहा-वीस वर्षांनी पुन्हा तपासली, आणि बहुतेकांच्या खालच्या दातांत पुन्हा गर्दी झालेली दिसली. म्हणून आता डॉक्टर 'दोन वर्षं घाल' असं म्हणत नाहीत, 'जोवर दात सरळ हवेत तोवर रात्री घाल' म्हणतात.

दिवाळीला येईन तेव्हा बघू, असं म्हणालीस. तोवर दात आणखी वळेल. शुक्रवारी रात्रीची बस पकड. शनिवारी सकाळी मॅडम नौपाड्यातल्या दवाखान्यात असतात, मी त्यांना विचारून ठेवलंय. ठसा घेतला की दुपारी मॉडेल ओततो, पहिला ट्रे रविवारी संध्याकाळी घेऊनच जाशील. येताना जुना रिटेनर डबीतच आण, टिश्यूमध्ये गुंडाळून नको. मागच्या महिन्यात एका मुलाच्या आईने तसाच कचऱ्यात टाकला.

तुझा,
बाबा