न भेटलेल्या माणसाची खात्री

विश्रामबाग, सांगली

प्रिय पिंट्या,

तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. बरेच दिवस लिहिलं नाही, त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. आज काम आहे.

आमच्या टीममधला कोचीवाला नोकरकपातीत गेला. सकाळी बसलो तर चॅटवर त्याचं खातंच बंद. तुझ्याकडच्या जागेसाठी त्याचं नाव सुचवलं, तर तू फोनवर म्हणालास, "त्याला भेटलायस तरी का कधी?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. लेका, बाळ्या रोज आपल्याच कट्ट्यावर बसायचा. त्याची खात्री तूच दिली होतीस आणि सहलीचे पैसे घेऊन तोच गेला!

कोचीवाल्याला मी कसा ओळखतो ते ऐक. नवीन असताना आमच्याकडं एकेका पेमेंटची नोंद दोनदा पडायची. नुसतं "वेळ आहे का?" न विचारता, काय काय तपासलं आणि संशय कशावर आहे, ते मी सगळ्यांच्या चॅनेलवर लिहिलं. "टायमआउट बघ," एवढंच तो म्हणाला. बँकेचं उत्तर उशिरा यायचं, तोवर आपला प्रोग्रॅम तीच मागणी पुन्हा पाठवायचा. सापडल्यावर तेही त्याला कळवलं. मदत मागणारे पुष्कळ असतात, पुढं काय झालं ते सांगायला फारसं कुणी येत नाही. आमची ओळख तिथून वाढली. मग एक गुरुवार सोडून पंचवीस मिनिटं बोलायचं ठरलं, कामाचा विषय न काढता.

आणि जुलै २०२१. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलेलं, आमच्याकडं ना लाईट ना रेंज आणि ऑन-कॉलचा आठवडा माझा. मी दिसेना म्हटल्यावर त्यानं न सांगता पाळी उचलली. रेंज आली तेव्हा त्याची नोंद वाचली: कुठला अलार्म कधी वाजला, त्यानं काय केलं, कशाला मुद्दाम हात लावला नाही आणि का. शेवटी, "घरचे कसे आहेत?" आणि खाली स्वतःचा नंबर. तो नंबर होता म्हणून परवा फोन तरी करता आला. ऑफिसच्या चॅटवर राहिलो असतो तर वाट तिथंच संपली असती.

माणूस घाईत, अडचणीत काय लिहितो, दुसऱ्याची चूक कशी दाखवतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तेवढ्याची खात्री देतो. चार माणसांत समोरासमोर बसून वाद घालताना तो कसा असतो, ते मला माहीत नाही. तुझ्या साहेबांना मी तेही लिहीन.

त्याची परवानगी घेतलीय, तुझा नंबर मात्र त्याला दिलेला नाही. तू हो म्हण, मग देतो. जागेची नीट माहितीही पाठव, म्हणजे तिथं जुळेल तेवढंच लिहीन.

नवा फ्लॅट लागला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? भडंग पाठवतोय, यावेळी लसूण जास्त.

जागा भरायच्या आत कळव.

तुझा,
बंड्या