‘कास्ट्स : निल’ कोणी पाहून लिहिले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. लघवीच्या रिपोर्टमधील एका ओळीबद्दल हे पत्र लिहितो आहे. कास्ट म्हणजे किडनीच्या नलिकेत घडून लघवीत उतरणारी सूक्ष्म कांडी, आणि निल म्हणजे एकही दिसली नाही. ‘कास्ट्स : निल’ ही ओळ बऱ्याच रिपोर्टवर आधीपासूनच टाइप केलेली असते, आणि स्लाइड पाहून ती बदलणारे हात कमी आहेत.

मागच्या पावसाळ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आला. पायांवर खरजेचे पिकलेले फोड होऊन गेले होते. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सकाळी पापण्या सुजू लागल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. दुसरीकडच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी भरपूर, पू-पेशी ८ ते १०, प्रोटीन २+ आणि कास्ट्स निल असे होते. पू-पेशी पाहून इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू झाले. कल्चरमध्ये काही वाढले नाही, सोनोग्राफीत खडा दिसला नाही, आणि सूज मात्र तशीच राहिली. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ताजी लघवी पाहायला सांगितली.

मुलाला लॅबमध्येच लघवी करायला लावली. दहा मिली लघवी पाच मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, वरचे पाणी ओतून दिले आणि तळाचा अर्धा मिली गाळ हलक्या हाताने ढवळून स्लाइडवर घेतला. कास्ट बघायची तर आधी मायक्रोस्कोपच्या १०च्या लेन्सवर, उजेड एकवटणारा कंडेन्सर खाली करून, उजेड मंद ठेवून बघावी लागते. भगभगीत उजेडात ती दिसतच नाही. कव्हरस्लिपच्या कडेने सरकत गेलो, कारण कास्ट्स कडेला जमतात. तिथे तांबूस-तपकिरी पेशींनी ठासून भरलेली एक दंडगोल कांडी सापडली. ४०च्या लेन्सवर सुट्या तांबड्या पेशीही वेड्यावाकड्या दिसल्या. काहींचे नुसते कडे उरले होते आणि त्याच्या कडेला बारीक फुगवटे आले होते.

किडनीच्या सूक्ष्म नलिकांमध्ये एक प्रथिन घट्ट होते आणि नलिकेच्या आकाराची कांडी बनते. तीच कास्ट. तिच्यात तांबड्या पेशी अडकलेल्या असतील तर रक्त नलिकेच्या वरच्या बाजूने, जवळजवळ नेहमी ग्लोमेरुलसमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुंत्यातून आलेले असते. मूत्राशयातले किंवा खड्याने खरचटून आलेले रक्त या कांडीत जाऊच शकत नाही. पेशींच्या वेड्यावाकड्या आकाराचेही तसेच. ग्लोमेरुलसच्या सुजलेल्या भिंतीतून पिळून निघताना आणि पुढे नलिकेतल्या बदलत्या क्षारांमधून जाताना त्यांची मोडतोड होते. खड्याचे रक्त बहुधा गोल, एकसारख्या पेशींचे असते. आणि ग्लोमेरुलसला सूज असली की पू-पेशीही येतात. त्यामुळे पू-पेशी म्हणजे इन्फेक्शनच, असे नसते.

त्या मुलाचे ब्लडप्रेशर तोवर कोणी मोजलेच नव्हते. ते वाढलेले निघाले. रक्तातले सी-३ हे प्रतिकारशक्तीचे प्रथिन कमी होते. फोडांमधल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर होणारा किडनीदाह असल्याचे ठरले. मीठ कमी, लघवी वाढवणारे औषध, प्रेशरवर लक्ष, एवढ्यावर तो सावरला. मुलांमध्ये हा आजार बहुधा आपोआप बरा होतो, पण वाढलेल्या प्रेशरने झटके येऊ शकतात, म्हणून तो वेळेत ओळखावा लागतो. मोठ्यांमध्ये अशीच लघवी आणि किडनी मंदावल्याचे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन काही दिवसांत चढत जाताना दिसले, तर किडनी आठवड्यांत निकामी करणारा आजार असू शकतो. तिथे बायोप्सीला उशीर परवडत नाही.

या तपासणीला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. कास्ट सापडली तर तिचा अर्थ मोठा. सापडली नाही म्हणून ग्लोमेरुलस निरोगी ठरत नाही. लघवी पातळ असेल किंवा तशीच ठेवून अल्कधर्मी झाली, तर कास्ट्स विरघळतात आणि पेशी फुटतात. लघवी फार दाट असली तर साध्या पेशीही आकसून काटेरी होतात, आणि नवखा माणूस त्यांनाच विकृत म्हणतो. मला खात्रीची खूण वाटते ती फुगवटे आलेल्या कड्यांची. स्वयंचलित मशीन पेशी छान मोजते, पण कास्ट आणि आकार यांत ते चुकू शकते. कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला दिलेली बाटली मुख्य लॅबमध्ये दुपारी उघडली जाते, तेव्हा बघायला फारसे उरलेलेही नसते.

म्हणून लॅबवाल्यांना विनंती, की रिपोर्टवर नमुना कधी घेतला आणि कधी पाहिला ते छापावे, आणि स्लाइड डोळ्यांनी पाहिली नसेल तर कास्ट्सपुढची जागा कोरी ठेवावी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसते ‘युरिन रुटीन’ न लिहिता ‘ताजा नमुना, आरबीसीचा आकार आणि कास्ट्स पाहाव्यात’ असे लिहावे. आणि घरात कोणाची लघवी गडद झाली असेल, अंगावर सूज असेल, तर नमुना घरून बाटलीत न आणता लॅबमध्ये जाऊनच द्यावा.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, जि. सातारा